विभागप्रमुखांचं पत्र आलंय: ‘एआय वापरलं तर शून्य’. पण वापरलं हे ठरवणार कसं?

सेमिस्टर सुरू झालं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पडतं. एआयने लिहिलेली असाइनमेंट चालणार नाही, पकडले गेलात तर कारवाई होईल, असा त्याचा मजकूर. मुलं पहिलं वाक्य वाचतात आणि पत्र फॉरवर्ड करतात. खरी गोष्ट पुढच्या ओळीत असते, किंवा असायला हवी: पुरावा म्हणून काय धरणार?

ही ओळ नसली की काय होतं, हे २०२४ मध्ये हरियाणातल्या ओ. पी. जिंदल विद्यापीठात दिसलं. एलएलएमच्या एका विद्यार्थ्याने मे महिन्यात पेपर दिला. त्याची उत्तरं ८८ टक्के एआयने लिहिलेली आहेत, असं ठरवून विद्यापीठाच्या समितीने त्याला नापास केलं. तो स्वतः वकील. थेट पंजाब-हरियाणा हायकोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं की उत्तरं माझीच आहेत, एआय वापरू नका असा स्पष्ट नियम विद्यापीठात नव्हता आणि मी ते वापरल्याचा पुरावाही कुणी दाखवला नाही. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाने त्याला पास केल्याचं कोर्टात सांगितलं आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे मूळ प्रश्नावर कोर्टाचं मत आलंच नाही.

८८ टक्के म्हणजे नक्की काय?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. नेहमीची वाङ्मयचौर्य तपासणी मूळ मजकूर शोधून देते. हा परिच्छेद अमुक पुस्तकातला, हे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं. एआय तपासणीत शेजारी ठेवायला काहीच नसतं. वाक्यरचना किती अंदाज बांधता येण्याजोगी आहे, यावरून सॉफ्टवेअर शक्यता सांगतं. तो अंदाज असतो.

अंदाज चुकतोही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं तपासणी साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिनची एआय तपासणी थांबवली. त्यांचा हिशेब सोपा होता. कंपनी चूक १ टक्का सांगते. वर्षाला ७५,००० पेपर तपासले, तर साधारण ७५० जणांवर खोटा ठपका येऊ शकतो.

ही चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध सात साधनांतून तपासले. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. मोजके शब्द आणि सरळ वाक्यं यंत्राला एआयसारखी वाटली. समजा, वसईजवळच्या निर्मळची मुलगी घरी सामवेदी बोलते, शाळा मराठीतून शिकली आणि आता कॉलेजात इंग्रजीतून प्रोजेक्ट लिहिते. ती अशीच जपून, साच्यातली वाक्यं लिहिणार. टक्केवारीवर निकाल लावायचा ठरवला, तर पहिला फटका तिला.

मग वजन कशाला?

टक्केवारी वाढली तर चौकशी सुरू करावी, एवढंच तिचं काम. सगळ्यात भक्कम पुरावा असतो तपासून पाहता येणारा. संदर्भसूचीतला लेख त्या नियतकालिकाच्या त्या अंकात मुळात आहे का? एआय अस्तित्वात नसलेले लेख खऱ्या लेखकांच्या नावावर सहज खपवतं आणि ग्रंथालयात बसून हे पाच मिनिटांत उघडं पडतं. अर्थात, खोटा संदर्भ देणं हा एआय वापरलं नसलं तरी गुन्हाच.

त्यानंतर कच्चं लिखाण. गूगल डॉक्समध्ये फाइलचा जुना इतिहास दिसतो: कोणत्या दिवशी किती लिहिलं, काय खोडलं. पण वहीत लिहून शेवटी सायबर कॅफेत टाइप करून घेणाऱ्याचा इतिहास एकाच बैठकीचा दिसेल. म्हणून वहीची पानंही पुरावा धरली पाहिजेत, हे पत्रात आधीच लिहिलेलं बरं. शेवटी दहा मिनिटांची तोंडी. हा मुद्दा का घेतला, ही आकडेवारी कुठून आणली? मात्र ती विद्यार्थ्याला जमेल त्या भाषेत व्हावी, नाहीतर तपासणी इंग्रजी बोलण्याचीच होते.

निर्णय कुणाचा?

यूजीसीचे २०१८ चे नियम शोधप्रबंधांसारख्या लिखाणाला लागू आहेत. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे बी.ए., बी.कॉम.च्या मुलांसाठी कॉलेजचे नियम आणि विभागाचं पत्र हाच आधार उरतो. त्या नियमांतला एक भाग मात्र उचलण्यासारखा आहे. तिथे विभागाच्या समितीचे अध्यक्ष विभागप्रमुखच असतात, पण सोबत विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि तपासणी साधनांचा जाणकार बसतो. विद्यार्थ्याला बाजू मांडू द्यावी लागते आणि ४५ दिवसांत अहवाल वरच्या समितीकडे जातो.

पत्र हातात आल्यावर म्हणून तीन गोष्टी बघायच्या: व्याकरण सुधारण्यापुरतं एआय चालतं का, कच्चं लिखाण किती दिवस जपायचं आणि निकाल मान्य नसेल तर अर्ज कुणाकडे करायचा. यातलं काही पत्रात नसेल, तर असाइनमेंट जमा करायच्या आधीच विभागाकडे लेखी विचारून ठेवावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं.