सकाळची आंबट चव आणि सकाळची कडू चव



सकाळी जाग येताच तोंडाला विचित्र चव जाणवली की आपल्या घरांतून एकच निदान ऐकू येते: ‘पित्त झाले आहे.’ मग कोणी जिरे-पाणी घेतो, कोणी सोड्याची पुडी फोडतो, तर कोणी औषधाच्या दुकानातून आम्ल कमी करणारी गोळी आणून महिनोन्महिने घेत राहतो. पित्त या एका शब्दाखाली आपण दोन निरनिराळ्या गोष्टी जमा करतो, हे या घाईत लक्षात येत नाही. आधुनिक वैद्यकाच्या परिभाषेत पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन लहान आतड्याच्या आरंभी उतरणारा हिरवट-पिवळा, कडू रस. जठरात तयार होणारे आम्ल हे त्याहून वेगळे असून त्याची चव आंबट असते. म्हणूनच उठल्याबरोबर जाणवलेली चव आंबट होती की कडू, हा प्रश्न स्वतःला विचारणे ही या विषयाची पहिली पायरी होय.

दोन्ही चवींना रात्रीच का जोर येतो, ते आधी पाहू. दिवसभरात आपल्या तोंडात साधारण एक लिटर लाळ तयार होते, परंतु झोपेत तिचा ओघ जवळजवळ थांबतो. लाळ तोंड सतत धूत असते, आणि तिच्यात सोड्याच्याच जातीचा एक क्षार असल्यामुळे ती आम्लाचा जोरही कमी करते. जागेपणी आपण मिनिटाला साधारण एकदा नकळत आवंढा गिळतो. त्यामुळे अन्ननलिकेत चुकून वर आलेले आम्ल पुन्हा खाली ढकलले जाते. गाढ झोपेत हे गिळणे तासाभरात मोजक्याच वेळा घडते. थोडक्यात, धुण्याची आणि ढकलण्याची दोन्ही कामे रात्री मंदावतात.

आता आंबट चवीकडे वळू. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूंची एक कडी असते. घास खाली उतरताना ती उघडते आणि मग मिटते. जेवणानंतर जठर फुगलेले असताना ही कडी अधूनमधून थोडा वेळ सैल पडते. आपण बसलेले किंवा उभे असलो, तर त्या क्षणी बहुधा हवाच वर येते आणि ढेकर निघते. आडवे असलो, तर जठरातील द्रवच सांध्यापाशी येऊन ठेपलेला असतो. भरपेट मिश्र जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण चार तास लागतात, आणि तूप, तळण, मलई जितकी अधिक तितका हा काळ लांबतो. रात्री सव्वादहाला जेवून अकराला अंथरुणावर पडणाऱ्या माणसाचे जठर मध्यरात्र उलटली तरी रिकामे झालेले नसते. पहाटे तोंडाला येणारी आंबट चव हा त्याचाच परिणाम होय.

माझ्या परिचयातील एका किराणा व्यापाऱ्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. वय चोपन्न, पोट थोडे सुटलेले. दुकान साडेनऊला बंद होई, जेवण सव्वादहाला, झोप अकराला. सकाळची चव वाईट म्हणून ते एक गोळी रोज घेत, तीही न्याहारीनंतर. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका वहीत चौदा दिवस चार रकाने भरायला सांगितले: शेवटचा घास किती वाजता, आडवे किती वाजता झालात, उठल्यावर चव आंबट की कडू, आणि जीभ घासून चूळ भरल्यावर ती गेली की राहिली. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला हे काम जड नव्हते.

वहीने जे दाखवले ते बोलके होते. चौदा दिवसांत अष्टमी आणि चतुर्दशी येऊन गेल्या. त्या दोन दिवशी ते चौविहार करीत, म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवून नंतर पाणीही घेत नसत. उरलेल्या बारा रात्रींपैकी सात रात्रींनंतर सकाळी चव आंबट होती. चूळ भरल्यावरही ती राही आणि वाकून चप्पल घालताना पुन्हा घशाशी येई. दोन्ही तिथींच्या दुसऱ्या दिवशी आंबटपणा अजिबात नव्हता. मात्र तोंड कोरडे आणि कडवट होते, आणि जीभ घासून चूळ भरताच तो कडवटपणा नाहीसा झाला.

यावरून दोन खाती वेगळी झाली. आंबट चव जठरातून येत होती आणि तिचा संबंध जेवण व झोप यांतील अंतराशी होता. त्यांनी मुख्य जेवणाचा डबा साडेसहाला दुकानातच मागवायला सुरुवात केली आणि घरी परतल्यावर जेवणे सोडले. पुढच्या चौदा दिवसांत आंबट चव एकदाच आली, ती एका स्वागत समारंभात रात्री उशिरा जेवल्यानंतर.

कडवटपणा मात्र अजून चार-पाच सकाळी येतच राहिला. त्याचा उगम तोंडातच होता. लाळ आटली की जिभेच्या मागच्या भागावर मृत पेशी, अन्नाचे सूक्ष्म कण आणि जंतू यांचा पांढरट थर साचतो. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याच्या बाबतीत उरलीसुरली लाळही वाळून जाते. या गृहस्थांचे नाक मिरची-धान्याच्या धुळीने नेहमी चोंदलेले असे. ते घोरत असत, हे त्यांच्या पत्नींनी सांगितले. शिवाय सर्दीसाठी ते रोज रात्री जी ॲलर्जीची गोळी घेत, तीच तोंड कोरडे करणारी होती. डॉक्टरांनी ती बदलून नाकासाठी वेगळा उपचार दिला. हे गृहस्थ झोपण्यापूर्वी जीभ घासू लागले आणि पोती उघडताना नाकाला रुमाल बांधू लागले. तेव्हा कडवटपणाही बराच ओसरला.

चौविहार पाळणाऱ्या वाचकांना येथे एक भेद सांगावासा वाटतो. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणामुळे झोपेपर्यंत तीन-चार तासांचे अंतर आपोआप मिळते, आणि आंबट चवीवर तोच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. मात्र रात्रभर पाणी वर्ज्य असल्यामुळे, आणि नवकारशी पाळणाऱ्यांच्या बाबतीत सूर्योदयानंतर 48 मिनिटे अधिक गेल्यामुळे, कोरड्या तोंडाचा कडवटपणा त्यांना अधिक वेळ जाणवू शकतो. त्यासाठी नियम मोडण्याचे कारण नाही. पाणी दिवसभर विभागून घ्यावे, संध्याकाळचे जेवण फार खारट-तिखट नसावे, आणि सूर्यास्तापूर्वी जीभ स्वच्छ करून चूळ भरावी. परंतु चौविहार करूनही चव वारंवार आंबट येत असेल, तर उशिराच्या जेवणाला दोष देता येत नाही. तेव्हा सुटलेले पोट, सांध्याची सैल झालेली कडी किंवा जठराचा काही भाग छातीच्या पडद्यातून वर सरकणे, अशी कारणे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत. मधुमेही आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी रात्रभर पाणी न घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

ज्यांना लवकर जेवणे शक्यच नाही त्यांनी निदान रात्रीचे जेवण हलके ठेवावे आणि आडवे होण्यापूर्वी तीन तासांचे अंतर राखण्याचा प्रयत्न करावा. पलंगाच्या उशाकडील दोन पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे ठेवले तर उतारामुळे आम्ल खालीच राहते. उशांची चळत मात्र उपयोगाची नाही. तिच्यामुळे शरीर कमरेत वाकते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर सांध्याच्या खालच्या पातळीवर राहते, म्हणून ती कूस अधिक हितकर. जेवणानंतरचा पेपरमिंटचा मुखवास आणि तंबाखू यांनी ती कडी आणखी सैल पडू शकते, हेही ध्यानात असावे.

आंबट चवीने जाग आल्यावर लगेच ब्रश फिरवू नये. आम्लाने दातांवरचे कवच तात्पुरते मऊ झालेले असते आणि त्या अवस्थेत घासल्यास ते झिजते. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि सुमारे अर्ध्या तासाने दात घासावेत. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी दिली असेल, तर ती न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. आपल्या किराणा व्यापाऱ्यांप्रमाणे न्याहारीनंतर घेतल्यास तिचा गुण पुरता येत नाही. सोड्याच्या पुडीत सोडियम पुष्कळ असते. रक्तदाब असलेल्यांनी तिची सवय लावून घेऊ नये.

कडू चवीची आणखी दोन कारणे लक्षात ठेवावीत. जुलाबासाठी दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल आणि झोपेसाठीचे झोपिक्लोन यांनी तोंडाला कडू किंवा धातूसारखी चव येते, तर मधुमेहावरील मेटफॉर्मिनने काहींना धातूसारखी. नवी गोळी सुरू झाल्याची तारीख आणि चव सुरू झाल्याची तारीख ताडून पाहिली की उलगडा होतो. गोळी मात्र परस्पर बंद करू नये. दुसरे कारण म्हणजे खरेखुरे पित्त. पित्ताशय काढलेल्या काही रुग्णांत ते आतड्यातून उलटे जठरात चढते. तेव्हा हिरवट-पिवळ्या कडू पाण्याची उलटी होऊ शकते, आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी ते थांबत नाही.

घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काहीही दिसले तर वही भरत बसू नये. तडक डॉक्टर गाठावेत. जिना चढताना किंवा ओझे उचलताना छातीत दडपण आले, सोबत घाम सुटला, तर आंबट ढेकर आली तरीही ते हृदयाचे दुखणे समजून लगेच रुग्णालयात जावे. इतर सर्वांनी मात्र पुढचे चौदा दिवस ते चार रकाने भरावेत, आणि डॉक्टरांकडे जाताना ‘पित्त झाले आहे’ असे सांगण्याऐवजी ती वहीच त्यांच्यासमोर ठेवावी.