हास्यवायूनंतरचा अर्धा तास

दंतवैद्याच्या खुर्चीतून उठलेला रुग्ण पायऱ्या उतरून खाली येतो आणि दुचाकीला किल्ली लावतो, हे दृश्य नाशिकच्या कॉलेज रोडवर वा शालिमारच्या परिसरात नवलाचे नाही. दात काढण्याची धास्ती घेणाऱ्यांसाठी काही दवाखान्यांत आता नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच हास्यवायू, वापरला जातो. साहजिकच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो: हा वायू हुंगलेल्या माणसाने स्वतः वाहन चालवत घरी जावे काय? त्याला दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. ‘वायूच तो, उडून जातो’ हे एक, आणि ‘गुंगी घेतली की चोवीस तास गाडीला हात लावायचा नाही’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी.

हा वायू नवा नाही. अमेरिकेतील हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने 11 डिसेंबर 1844 रोजी तो स्वतः हुंगून आपली दाढ काढून घेतली होती. आजची पद्धत मात्र त्याहून पुष्कळ सौम्य आहे. नाकावर एक लहानशी टोपी बसवतात आणि प्रथम दोन-तीन मिनिटे केवळ प्राणवायू देतात. मग हास्यवायूचे प्रमाण सुमारे दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेतात. बहुतेक प्रौढांना तीस ते चाळीस टक्क्यांत हातापायांना मुंग्या, अंगात ऊब आणि मनाला एक प्रकारची बेफिकिरी जाणवू लागते. रुग्ण झोपत नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. हिरडी बधिर करणारे इंजेक्शन तरीही द्यावेच लागते. वायू भीती घालवतो, दाढेची वेदना पूर्णपणे थांबवत नाही.

तो इतक्या लवकर का उतरतो, याचे कारण त्याच्या विद्राव्यतेत आहे. रक्तात तो फारच थोडा विरघळतो. म्हणून मेंदूपर्यंत झटपट पोहोचतो आणि पुरवठा थांबताच तितक्याच झटपट फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. यकृताला त्याचे जवळपास काहीच करावे लागत नाही. दारूचे नेमके उलट आहे. ती यकृताने ठरावीक गतीनेच जाळायची असते, मग माणूस कितीही घाईत असो. दारूच्या अनुभवावरून हास्यवायूचा अंदाज बांधणाऱ्यांची गफलत येथेच होते.

पण झटपट बाहेर पडण्यातही एक मेख आहे. वायू बंद करून रुग्णाला लगेच साध्या हवेवर सोडले, तर रक्तातून फुप्फुसांत लोटणारा हास्यवायू तेथील प्राणवायूला पातळ करतो. हवेतील नायट्रोजन रक्तात त्याच्या मानाने कितीतरी कमी विरघळतो, त्यामुळे आत जाणाऱ्यापेक्षा बाहेर येणाऱ्याचे आकारमान पहिल्या काही मिनिटांत पुष्कळ अधिक असते. फिंक यांनी 1955 मध्ये हा परिणाम दाखवून दिला. धडधाकट माणसाला त्यातून सहसा मोठा धोका नसला, तरी डोके दुखणे, मळमळ आणि सुस्ती येऊ शकते. म्हणून शेवटी किमान पाच मिनिटे शुद्ध प्राणवायू देण्याचा प्रघात आहे. बाहेर दहा रुग्ण खोळंबले असता खुर्ची मोकळी करण्याची घाई कोणत्याही दंतवैद्याला होणे मानवी आहे. परंतु काटकसर करण्याची ही जागा नव्हे.

समजा, सिन्नरहून मोटारसायकलने आलेल्या एका कारकुनाची दाढ काढायची आहे. अकराला प्राणवायू सुरू झाला, दहा मिनिटांत वायू पस्तीस टक्क्यांवर स्थिरावला, अकरा चाळीसला दाढ निघाली आणि वायू बंद झाला. पाऊणे बाराला प्राणवायूची टोपी काढली. गृहस्थ हसत उठले आणि ‘मी अगदी ठीक आहे’ म्हणाले. हे वाक्य खरेही असेल, पण ते पुरावा म्हणून धरता येत नाही. ज्या वायूचा गुणच निर्धास्त करण्याचा आहे, त्याच्या अमलाखालील माणूस स्वतःविषयी दुसरे काय सांगणार? म्हणून तपासणी बाहेरून व्हावी. नाडी, रक्तदाब आणि बोटाला लावलेल्या यंत्रावरील प्राणवायूचे प्रमाण आधीइतकेच आहे काय, पाय जुळवून डोळे मिटून तो डगमगत नाही ना, सरळ रेषेत चालतो काय, हे पाहावे. कागदावरचे ठिपके रेषेने जोडायला देण्याची एक साधी कसोटी 1969 पासून वापरात आहे. ती उपचाराआधी एकदा व नंतर एकदा घेतली की चुकलेले ठिपके हाताची खरी स्थिती सांगतात.

ब्रिटनमध्ये निम्मा प्राणवायू व निम्मा हास्यवायू असलेल्या मिश्रणाच्या माहितीपत्रकात वाहनाविषयी स्पष्ट सूचना आहे. केवळ तेच मिश्रण दिले असेल, तर ते थांबल्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती, रुग्णाला स्वतःला सक्षम वाटणे आणि उपचार करणाऱ्याने तो पूर्ववत झाल्याचे ठरवणे, या सर्व गोष्टी जुळल्यावरच वाहन चालवावे. हा हिशेब आपल्या कारकुनाला लावला, तर सव्वाबाराच्या आत त्यांनी मोहदरी घाटाकडे निघू नये. त्यानंतर तपासणी ठीक असेल, डोके हलके वाटत नसेल आणि मळमळ नसेल, तर जाण्यास हरकत नाही.

याच कथेत एक गोळी घातली की सारे गणित बदलते. धास्ती कमी व्हावी म्हणून आदल्या रात्री वा सकाळी झोपेच्या जातीची गोळी घेतली असेल, किंवा खुर्चीत शिरेतून मिडाझोलाम दिले असेल, तर वायू अर्ध्या तासात जाईल, औषध जाणार नाही. ते रक्तातून हळूहळू उतरते. स्मृती व प्रतिक्रियेची गती मंदावते. अशा रुग्णासोबत जबाबदार माणूस हवा आणि त्याने चोवीस तास वाहन चालवू नये. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळीलाही ही सावधगिरी लागू आहे.

चोवीस तासांचा नियम सर्वांना सरसकट लावण्यात मात्र शहाणपण नाही. एकट्याने आलेल्या रोजंदारीच्या माणसाला त्याची किंमत एका दिवसाच्या मजुरीत आणि सोबत्याच्याही मजुरीत मोजावी लागते. ज्याला तो नियम निरर्थक वाटतो, तो ‘भाऊ खाली उभा आहे’ असे खोटे सांगून निघून जातो. मग ज्याला नियम खरोखर हवा होता, तोही त्याच थापेने निसटतो.

कायद्याकडून येथे फारशी मदत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 मध्ये दारूसाठी शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. औषधांच्या अमलाखाली वाहनावर ताबा न राहण्याचा उल्लेखही आहे. पण हास्यवायूसाठी तसा आकडा नाही, आणि द्वारका चौकातील पोलिसाच्या श्वासयंत्रात तो दिसणार नाही. निर्णय दवाखान्यातच व्हायला हवा, आणि त्यासाठी एक चिठ्ठी पुरे: वायू किती टक्के दिला, किती वाजता बंद केला, सोबत दुसरे कोणते औषध दिले आणि किती वाजल्यानंतर वाहन चालवता येईल. पैशाची पावती रुग्णाला मिळतेच. तिच्याच मागे हे चार तपशील लिहिता येतील.