आधी वायूचे मोल मोजा, मग सूत्राला हात घाला

बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांचा अभ्यास घेणाऱ्यांना एक सांगणे आहे. ΔH = ΔU + Δn(g)RT हे सूत्र तुम्हाला पाठ असते. गणित बिघडते ते त्यात आकडे घालण्याआधीच, वायूचे मोल मोजताना. तेव्हा सूत्र लिहिण्याआधी समीकरणाकडे नीट बघा. कपाटात ठेवतो त्या नॅप्थलीनच्या डांबरगोळीचेच उदाहरण घेऊ.

नॅप्थलीन जळताना किती उष्णता निघते, हे बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये मोजतात. पोलादी भांड्यात नॅप्थलीन ठेवायचे, वर ऑक्सिजन दाबून भरायचा, झाकण घट्ट लावायचे आणि ठिणगी द्यायची. भांडे बंद, त्यामुळे आकारमान बदलत नाही. आकारमानच बदलत नाही, तर आतला वायू बाहेरच्या हवेला ढकलणार कसा? म्हणून इथे मोजलेली उष्णता ही थेट अंतर्गत ऊर्जेतला बदल, म्हणजे ΔU असते. २५ अंश सेल्सिअसला एका मोलमागे ती सुमारे −५१५१ किलोज्यूल येते. तक्त्यात मात्र ΔH, म्हणजे स्थिर दाबाला निघणारी उष्णता दिलेली असते. एकावरून दुसरी काढायची, तर आधी अवस्थांसकट संतुलित समीकरण लिहा:

C₁₀H₈(s) + 12O₂(g) → 10CO₂(g) + 4H₂O(l)

आता फक्त (g) लिहिलेले पदार्थ मोजा. उजवीकडे १०, डावीकडे १२. उजव्यातून डावे वजा केले की Δn(g) = −२. बॉम्बमध्ये ऑक्सिजन गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरलेला असतो, पण उरलेला हिशेबात येत नाही; समीकरणातले १२ मोलच घ्यायचे.

घन आणि द्रव का सोडायचे, तेही समजून घ्या. एक मोल नॅप्थलीन म्हणजे १२८ ग्रॅम. त्याला जेमतेम ११० मिलिलिटर जागा लागते. वायूच्या एका मोलला २५ अंशांना आणि १ बार दाबाला जवळपास २४.८ लिटर लागते. वायूपुढे घनाची जागा नगण्य आहे, म्हणून ती सोडली तरी उत्तर हलत नाही.

हीच अभिक्रिया उघड्यावर, स्थिर दाबाला झाली तर? तापमान पुन्हा २५ अंशांवर आल्यावर वायू दोन मोलने, म्हणजे सुमारे ४९.६ लिटरने कमी झालेला असतो. तेवढी जागा भरायला बाहेरची हवा आत रेटते आणि अभिक्रियेतल्या पदार्थांवर कार्य करते. ते कार्य ४.९६ किलोज्यूल भरते, आणि तेवढी उष्णता जास्तीची बाहेर पडते. सूत्रानेही तेच येते: −२ × ०.००८३१४ × २९८ = −४.९६. म्हणून ΔH = −५१५१ − ५ = −५१५६ किलोज्यूल.

आता तीन ठिकाणी सांभाळा. पहिले, R ची किंमत. ८.३१४ ही ज्यूलमध्ये आहे आणि ΔU किलोज्यूलमध्ये. हजाराने भागायला विसरलात तर −४९५५ येईल आणि ΔH दहा हजारांच्या वर जाईल. दुसरे, तापमान केल्विनमध्ये हवे. २५ घातलेत तर दुरुस्ती अर्ध्या किलोज्यूलच्याही आत येईल. दोन्ही चुका ओळखायला एक आकडा लक्षात ठेवा: २५ अंशांना वायूच्या एका मोलमागे फरक सुमारे अडीच किलोज्यूल. दोन मोलला पाच. तुमचे उत्तर याच्या आसपास नसेल, तर मागे जा.

तिसरे ठिकाण म्हणजे पाणी. २५ अंशांना ते द्रव धरतात. ते वाफ समजून मोजले, तर उजवीकडे १४ मोल होतात, Δn(g) +२ होते आणि ΔH −५१४६ येते. इथे अडीचची कसोटीही कामाला येत नाही, कारण दुरुस्तीचा आकडा पाचच राहतो. फक्त चिन्ह उलटते. गणितात पाण्याची वाफच दिली असेल, तर वाफेसाठीची ΔU सुद्धा वेगळीच घ्यावी लागते.

उलट दिशेने जायचे असेल, तर Δn(g) तेच ठेवा आणि ΔU = ΔH − Δn(g)RT लिहा. H₂(g) + Cl₂(g) → 2HCl(g) यात दोन्हीकडे वायूचे दोनच मोल आहेत. तिथे ΔH आणि ΔU सारखेच, आकडेमोड करूच नका. हे सारे वायू आदर्श मानून चालले आहे. बॉम्बमध्ये सुमारे ३० वातावरण दाब असतो, म्हणून अगदी काटेकोर मोजमापात आणखी बारीक दुरुस्त्या लागतात. परीक्षेत त्या लागत नाहीत. प्रत्येक पदार्थापुढे अवस्था लिहिणे मात्र लागतेच.