लपलेली गळती आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

‘अंग बाहेर येणे’ या शब्दांनी घराघरांत ओळखला जाणारा विकार स्त्रिया बहुधा वर्षानुवर्षे लपवितात आणि अखेर डॉक्टरांकडे जातात तेव्हा एकच प्रश्न विचारतात : आता शस्त्रक्रियाच करावी लागेल काय? वस्तुतः त्याआधी आणखी एका प्रश्नाचे उत्तर मिळावयास हवे. बाहेर आलेले अंग आत बसविल्यावर लघवी गळू लागेल काय, हा तो प्रश्न होय.

विकाराची श्रेणी ठरविण्याची सर्वमान्य पद्धत १९९६ साली निश्चित झाली. योनिमुखाशी असलेल्या पटलाची कडा हे तिचे शून्य. स्त्रीला कुंथावयास सांगून योनीचा सर्वांत खाली उतरणारा भाग या कडेपासून किती अंतरावर येतो, ते मोजतात. तो एक सेंटिमीटरहून अधिक वर राहिला तर पहिली श्रेणी. कडेच्या वर वा खाली एक सेंटिमीटरच्या आत असला तर दुसरी. त्याहून अधिक बाहेर आला तर तिसरी. आणि योनी जवळजवळ पूर्ण उलटून बाहेर आली तर चौथी. परंतु श्रेणी म्हणजे उपचाराचा हुकूम नव्हे. दुसऱ्या श्रेणीची एखादी स्त्री त्रस्त असते, तर तिसऱ्या श्रेणीची दुसरी निर्धास्त वावरते. मूत्राशय नीट रिकामे होत असेल आणि त्रास नसेल, तर काहीही न करता लक्ष ठेवणे हाही योग्य मार्ग ठरतो.

उदाहरणार्थ, तीन बाळंतपणे झालेली ५८ वर्षांची एक स्त्री कल्पावी. तिची योनीची पुढची भिंत कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर येते. म्हणजे श्रेणी तिसरी. पाच वर्षांपूर्वी खोकताना, हंडा उचलताना तिला थेंब-थेंब लघवी होत असे. पुढे अंग जसजसे खाली उतरले तसतशी ती गळती आपोआप थांबली. तो दोष बरा झाला अशी तिची समजूत झाली. मात्र आता लघवीला बसल्यावर धार सुटत नाही. फुगवटा बोटाने वर ढकलावा लागतो. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. मूत्राशय खाली झुकल्याने मूत्रनलिकेला नळीप्रमाणे बाक पडला आहे. गळती बरी झाली नाही, ती केवळ अडली आहे. अंग वर बसविले की बाक सरळ होईल आणि जुना दोष उघडा पडेल.

हे आधी ओळखता येते. मूत्राशय भरलेले असताना पेसरी बसवून, अथवा हाताने अंग वर धरून, स्त्रीला जोराने खोकावयास सांगतात. त्या क्षणी लघवी उडाली तर लपलेली गळती सिद्ध होते.

पेसरी ही बहुधा सिलिकॉनची कडी असते. योग्य मापाची कडी चालताना व खोकताना जागेवर राहते, टोचत नाही आणि लघवी अडवीत नाही. उकिडवे बसून शौचाला जोर करताना ती निसटते काय, हेही पाहून घ्यावे. मूत्रनलिकेखाली आधार देणारी गाठ असलेली कडीही मिळते. या स्त्रीला ती उपयोगी पडू शकेल. मात्र कडी बसवून विसरता येत नाही. ती काढून धुवावी लागते, तपासणीस जावे लागते. दुर्गंधीयुक्त वा रक्तमिश्रित स्राव हे आत जखम झाल्याचे चिन्ह समजावे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात पेसरीने प्रारंभ केलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी दोन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली. पेसरी बहुतेकींना बसते. ती सर्वांना मानवतेच असे नाही.

शस्त्रक्रिया निवडली, तर मूत्रनलिकेखाली आधारपट्टी त्याच वेळी घालावी काय? २०१२ च्या अमेरिकन अभ्यासात, गळतीची तक्रार नसलेल्या स्त्रियांपैकी पट्टीविना शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतील ४३ जणींना वर्षाअखेर गळती होती. पट्टी घातलेल्यांत हे प्रमाण २७ होते. म्हणजे एकीची गळती टाळण्यासाठी सुमारे सहा जणींना पट्टी घालावी लागते. त्याची किंमतही आहे : पट्टी घालताना मूत्राशयाला छिद्र पडणे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मूत्राशय नीट रिकामे न होणे. म्हणून काही स्त्रिया पट्टी आधीच घेतील. काही प्रथम अंग बसवून घेतील आणि गळती खरोखर त्रासदायक ठरली तरच पट्टीचा विचार करतील. दोन्ही निर्णय समंजस आहेत.

असमंजस ठरते ते खोकल्याची चाचणी न करता शस्त्रक्रियेला संमती देणे. कारण मग यशस्वी शस्त्रक्रियेनंतर पदर ओला होऊ लागला की, स्त्री त्याला डॉक्टरांची चूक किंवा आपले नशीब समजते. प्रत्यक्षात तो दोष पूर्वीपासून तिच्याच शरीरात दडून असतो, आणि पाच मिनिटांच्या चाचणीने तो आधी दिसू शकला असता.