फैजपूरच्या मंडपावर अशोकचक्र?

१/७
फैजपूर काँग्रेसवरची आमची चित्रफीत तयार झाली. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. निवेदनातील तपशील बरोबर होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली दृश्येही देखणी होती. तरीही आम्ही ती प्रसिद्ध केली नाही, कारण मंडपावर अशोकचक्राचा तिरंगा फडकत होता.

२/७
चक्रांकित ध्वज संविधान सभेने स्वीकारला तो २२ जुलै १९४७ रोजी. १९३१ पासून काँग्रेसच्या तिरंग्यात पांढऱ्या पट्ट्यावर चरखा असे. ‘चरखा काढ’ अशी स्पष्ट सूचना दिल्यावर यंत्राने चरखा आणि चक्र यांची भेसळ केली. अखेरीस चरख्याच्या ध्वजाचे रेखाटन आम्ही स्वतः करून तेथे बसवले.

३/७
नकाशातही तीच गत. त्यात महाराष्ट्र राज्य व जळगाव जिल्हा दाखवला होता. १९३६ मध्ये फैजपूर मुंबई प्रांताच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात होते, तर धुळे पश्चिम खानदेशात. निवेदनात ‘आजचा जळगाव जिल्हा’ म्हटले की भागते. नकाशाला मात्र ‘आजचा’ म्हणता येत नाही. तो नव्याने काढावा लागतो.

४/७
सर्वांत घातक चूक मंडपाची. यंत्राने दगडी कमानी आणि झुंबरे रचली. प्रत्यक्षात अधिवेशनाचे टिळकनगर नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून, बांबूसारख्या स्थानिक साहित्याने उभे राहिले होते. खेड्याने आपल्याच साधनांनी राष्ट्रीय सभेचे यजमानपद करावे, हाच त्यामागील विचार. कमानी दाखवल्या की तो विचारच पुसला जातो.

५/७
दुरुस्ती करतानाही फसगत होते. नंदलालबाबूंची ग्रामजीवनाची प्रसिद्ध भित्तिपत्रके शोधताच सापडतात. पण ती हरिपुरा अधिवेशनाची, म्हणजे १९३८ ची आहेत. चित्रकार तोच, काँग्रेस तीच, पण गाव आणि साल वेगळे. ती आम्ही घेतली नाहीत.

६/७
‘चित्रच तर आहे, एवढे काय?’ असे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. चुकीचे वाक्य खोडता येते. कृष्णधवल छटा आणि ओरखडे दिलेले बनावट दृश्य मात्र चित्रफितीतून सुटून ‘दुर्मीळ छायाचित्र’ म्हणून फिरू लागते. उद्या तेच पुरावा म्हणून आपल्यासमोर येईल. म्हणून घडवलेल्या दृश्याला जुन्या छायाचित्राचे रूप देऊच नये आणि ‘कल्पनाचित्र’ ही अक्षरे त्या दृश्यावरच असावीत. खालच्या वर्णनातील खुलासा दृश्याबरोबर प्रवास करत नाही.

७/७
आता आम्ही चित्रफीत दोनदा तपासतो. एकदा डोळे मिटून केवळ निवेदन ऐकतो, एकदा आवाज बंद करून प्रत्येक दृश्य थांबवून पाहतो. ध्वज, नकाशा, वास्तू, वेश, पाट्या यांपैकी प्रत्येकापुढे ‘हे १९३६ चेच कशावरून?’ याचे उत्तर लिहितो. उत्तर नसेल तर दृश्य काढतो. त्या जागी कोरा पडदा आणि निवेदकाचा आवाज राहिला, तरी चालेल.