बिनअंड्याचा केक आणि वर्तुळाचे गणित

आमच्या वडील वहिनींना ८० वे वर्ष लागणार होते. त्यांच्या उभ्या आयुष्यात केक हा पदार्थ त्यांनी पुष्कळदा पाहिला. पण त्यात अंडे असते म्हणून कधी तोंडात घातला नाही. "एकदा चव तरी कळू द्या रे," असे त्या सहज म्हणाल्या आणि धाकट्या सूनबाईंनी ते मनावर घेतले. नंदुरबारच्या बाजारात मिरचीइतका सुलभ नसला, तरी घट्ट गोड दुधाचा, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा, ४०० ग्रॅमचा डबा मिळाला. विजेचा लहान ओव्हन घरी होताच.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी केलेला पहिला केक मात्र फसला. सूनबाईंनी सबंध डब्याचे मिश्रण सात इंची टिनमध्ये ओतले आणि ओव्हनचा काटा २०० अंशांवर ठेवला. वीस मिनिटांत वरची बाजू खरपूस पेढ्यासारखी झाली, तेव्हा केक झाला असे समजून तो बाहेर काढला. सुरी घातली तो मध्यभागी पातळ शिरा! शिवाय निम्मे मिश्रण काठावरून उतू गेले होते. सूनबाईंचे डोळे भरून आले. आम्हांला स्वयंपाकातले फार कळते असे नाही. पण वर्तुळाचे क्षेत्रफळ आम्ही पुष्कळ वर्षे शिकविले आहे, म्हणून टिन हाती घेतले.

सूनबाईंचे प्रमाण असे: २०० ग्रॅम दूध, १४० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम वितळलेले लोणी, सुमारे १०० मिलिलिटर पाणी, चहाचा एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि मोठा चमचाभर लिंबाचा रस. हे अर्ध्या डब्याचे प्रमाण सात इंची टिनला बरोबर बसते. मिश्रण टिनच्या निम्म्यापर्यंत येते आणि फुगावयास जागा राहते. सबंध डबा घ्यावयाचा तर टिन केवढे हवे? "दुप्पट मिश्रण, म्हणून चौदा इंची," असे म्हणणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साताचा वर्ग ४९, त्याची दुप्पट ९८ आणि दहाचा वर्ग १००; म्हणजे दहा इंची टिन पुरे. ते आमच्या ओव्हनमध्ये मावत नव्हते. म्हणून अर्धाच डबा वापरावा आणि उरलेले दूध काचेच्या भांड्यात काढून शीतकपाटात ठेवावे, असे ठरले.

दुसरा दोष उष्णतेचा. या दुधात घातलेली साखरच सुमारे ४० ते ४५ टक्के असते. साखर आणि दुधातील प्रथिने तापली की रंग लवकर धरतात; म्हणून या केकचा वरचा रंग फसवा असतो. त्याला १७० अंशांची मंद आच हवी. त्यातही ओव्हनच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. आम्ही आत ठेवावयाचा स्वतंत्र तापमापक आणला, तेव्हा काटा १७० वर असता आत १९० भरले! काटा १५० वर आणला, तेव्हा कोठे १७० झाले.

अंड्याचे काम केकला बांधून धरण्याचे. ते नसल्यामुळे येथे मैद्यावरच सारी भिस्त असते, आणि मैद्याला आतून पुरता शिजावयास अवधी लागतो. म्हणून ओव्हन आधी पंधरा मिनिटे तापवून मगच लिंबाचा रस मिसळावा आणि टिन लगेच आत ठेवावे. सोडा व आंबट एकत्र येताच फसफस सुरू होते. मिश्रण ओट्यावर राहिले तर ती वाया जाते. पुढे पंचवीस मिनिटे दार उघडू नये, कारण कच्चा मध्यभाग थंड हवेने खचतो.

दुसरा केक आम्ही सर्व दाराच्या काचेतून पाहात बसलो. तिसाव्या मिनिटाला रंग चांगला आला होता. पण मध्यभागी खुपसलेली विणकामाची स्वच्छ सुई ओली निघाली. वर कागद झाकून आणखी पाच मिनिटे ठेवला. तेव्हा कडा टिनपासून किंचित सुटल्या, मध्यावर बोट हलके दाबता खळगा पुन्हा वर आला, आणि सुईला एखादा कोरडा कणच चिकटला. हा गरम असता फार नाजूक असतो. म्हणून दहा मिनिटे टिनमध्येच राहू दिला आणि मग जाळीवर उलटा केला.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी पहिला तुकडा देवाला दाखविला, मग स्वतः घेतला. "खव्याच्या पोळीची आठवण येते," म्हणाल्या आणि आणखी एक मागितला.