नेट चालू, ब्राउझर चालू, मग जुन्या फोनवर अ‍ॅपच का बंद पडतं?

२०१४ च्या आसपास घेतलेला एक फोन घ्या. त्यात अँड्रॉइड ४.४ म्हणजे किटकॅट आहे. स्क्रीन धड आहे, बॅटरी जमेल तशी चालते, वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात. ब्राउझरमध्ये एखाद्या सेवेची वेबसाइट टाकली तर ती उघडतेही. पण त्याच सेवेचं, याच फोनवर काही वर्षांपूर्वी टाकलेलं अ‍ॅप उघडलं की एकच वाक्य येतं: "कृपया तुमचं इंटरनेट कनेक्शन तपासा."

मग फॅमिली ग्रुपवर सल्ले सुरू होतात. राउटर बंद करून चालू करा, फोनची तारीख मागे न्या, अ‍ॅप काढून परत टाका. यातला शेवटचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. अ‍ॅप एकदा काढलं की इतक्या जुन्या फोनसाठी ते प्ले स्टोअरवर पुन्हा मिळेलच असं नाही.

खरं कारण इंटरनेटमध्ये नसतं. फोन सर्व्हरपर्यंत व्यवस्थित पोहोचलेला असतो. सर्व्हरनेच त्याला दारातून परत पाठवलेलं असतं, आणि हे अ‍ॅप तुम्हाला सांगत नाही.

दारात नेमकं काय होतं?

पत्त्याच्या सुरुवातीला https असलेल्या कुठल्याही सेवेशी बोलण्याआधी फोन आणि सर्व्हर आपसात एक छोटी बोलणी करतात. तिला टीएलएस हँडशेक म्हणतात. पहिला निरोप फोनचा असतो. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात: मला टीएलएसची जास्तीत जास्त कुठली आवृत्ती येते, आणि माहिती कुलूपबंद करण्याच्या कुठल्या पद्धती येतात. या पद्धतींना सायफर म्हणतात. दोन्ही याद्यांत जे जुळेल त्यातून सर्व्हर निवड करतो आणि मग स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतो.

टीएलएस १.० ही आवृत्ती जानेवारी १९९९ मधली आहे. १.२ आली ऑगस्ट २००८ मध्ये आणि १.३ ऑगस्ट २०१८ मध्ये. आपल्या किटकॅट फोनवरचं जुनं अ‍ॅप पहिल्या निरोपात `03 01` असं लिहून पाठवतं. तारेवरच्या भाषेत याचा अर्थ टीएलएस १.०. आजच्या अनेक सर्व्हरना किमान `03 03`, म्हणजे १.२ हवं असतं. मधला मार्ग निघण्यासारखा नसतो. सर्व्हर फक्त सात बाइटचं उत्तर देतो आणि संभाषण संपवतो:

```
15 03 01 00 02 02 46
```

सुरुवातीचा `15` म्हणजे हा इशारा आहे. शेवटून दुसरा `02` सांगतो की चूक जीवघेणी आहे, पुढे बोलणं नाही. आणि शेवटचा `46` हा कारणाचा क्रमांक. दशमान पद्धतीत तो ७० होतो आणि त्याचं ठरलेलं नाव आहे `protocol_version`. म्हणजे सर्व्हरने नेमकं कारण सांगितलेलं असतं. (सगळे सर्व्हर इतके सभ्य नसतात, काही जण न बोलता कनेक्शन तोडतात.)

फोनच्या आतल्या नोंदींत हे कारण असं उमटतं:

```
error:1407742E:SSL routines:SSL23_GET_SERVER_HELLO:tlsv1 alert protocol version
```

मग स्क्रीनवर "इंटरनेट तपासा" का येतं? जावा भाषेत टीएलएसची चूक, म्हणजे `SSLException`, ही `IOException` या मोठ्या गटातली एक उपजात आहे. केबल तुटली, सिग्नल गेला, सर्व्हरने नाकारलं, सगळं त्याच गटात येतं. अ‍ॅप लिहिणाऱ्याने अख्खा गट एकदम पकडून त्यावर एकच संदेश चिकटवला, की सर्व्हरचं उत्तर तिथेच गडप होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात टाळता येण्यासारखा दोष हाच आहे.

फोनला येतं, पण तो बोलत नाही

इथे गोष्ट जरा चक्रावणारी होते. किटकॅटला टीएलएस १.२ येत नाही असं नाही. अँड्रॉइड ४.१ पासून ते फोनच्या आत आहे. फक्त अ‍ॅपसाठी ते आपोआप चालू नसायचं, ते झालं अँड्रॉइड ५.० पासून. मधल्या फोनवर अ‍ॅप लिहिणाऱ्याने मुद्दाम सांगितलं तरच १.२ वापरलं जातं. २०१४ मध्ये बहुतेकांना ते सांगण्याची गरजच वाटली नाही, कारण तेव्हा १.० वर सगळं चालत होतं.

ब्राउझर का चालतो याचं उत्तरही इथेच आहे. क्रोम किंवा फायरफॉक्स टीएलएससाठी फोनवर विसंबून राहत नाहीत. ते स्वतःची लायब्ररी सोबत घेऊन येतात. त्यामुळे फोन जुना असला तरी त्यावर बसलेला ब्राउझर त्या मानाने नवा असू शकतो. एकाच फोनवरून दोन वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच दारावर जावीत, तसं हे आहे.

बरं, अ‍ॅपमध्ये १.२ चालू केलं की प्रश्न सुटला? काही सर्व्हरवर हो. काहींवर मात्र आता दुसरं कुलूप आडवं येतं. आवृत्ती जुळते, पण सायफर जुळत नाही. किटकॅट अ‍ॅपना जे सायफर देतं ते जुन्या सीबीसी जातीचे असतात. आज बरेच सर्व्हर जीसीएम किंवा चाचा२० या नव्या जातीचेच सायफर ठेवतात, आणि अँड्रॉइडने अ‍ॅपना जीसीएम दिलं ते किटकॅटच्या नंतर. मग सात बाइटच्या उत्तरात शेवटी `46` ऐवजी `28` येतो. हा इशारा क्रमांक ४०, `handshake_failure`. नोंदीत तो `sslv3 alert handshake failure` असा दिसतो, आणि "म्हणजे आपला फोन एसएसएल ३ वापरतोय" असा समज अनेक डेव्हलपरही करून घेतात. तसं नाही. ते फक्त त्या इशाऱ्याचं जुनं नाव आहे.

सर्व्हर इतका हट्टी का?

एकेकाळी तो नव्हता. नवी आवृत्ती जमली नाही तर ब्राउझर गुपचूप खालच्या आवृत्तीवर उतरायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये उघड झालेल्या पूडल या हल्ल्याने नेमकी हीच सवय पकडली. मधे बसलेला माणूस मुद्दाम कनेक्शन बिघडवायचा, ब्राउझर खाली उतरायचा, आणि तिथलं कमकुवत कुलूप त्याला उघडता यायचं. म्हणजे जुनी आवृत्ती चालू ठेवण्याचा धोका जुन्या फोनवाल्यापुरता राहत नव्हता. नव्या फोनवाल्यालाही त्या दारात ओढता येत होतं.

त्यानंतर दारं एकेक करून बंद झाली. कार्ड पेमेंटच्या सुरक्षा नियमांनी टीएलएस १.० साठी ३० जून २०१८ ही मुदत दिली. मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ ने १.० आणि १.१ दोन्ही अधिकृतपणे निवृत्त केल्या. अ‍ॅमेझॉनने आपल्या क्लाउड सेवांच्या एपीआयसाठी किमान १.२ करण्याची तारीख २८ जून २०२३ जाहीर केली होती.

उलट्या दिशेचा एक प्रसंगही आठवण्यासारखा आहे. मार्च २०२० मध्ये फायरफॉक्सने जुन्या आवृत्त्या बंद केल्या आणि लगेच तात्पुरत्या परत चालू केल्या. कोविडची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइट अजून जुन्याच आवृत्तीवर होत्या, आणि त्या अशा वेळी बंद दिसणं परवडणारं नव्हतं.

आपली अडचण हीच आहे, हे कसं ओळखायचं?

ब्राउझरमध्ये चालतं आणि अ‍ॅपमध्ये नाही, ही पहिली खूण. तारीख बदलून काहीच फरक पडत नाही, ही दुसरी. तारखेचा संबंध सर्टिफिकेटशी असतो, आणि आपलं भांडण सर्टिफिकेट समोर येण्याआधीच झालेलं असतं. म्हणूनच "सर्टिफिकेटची तपासणी बंद करा" हा डेव्हलपर मंडळींत फिरणारा सल्ला इथे दुहेरी वाईट आहे. त्याने ही अडचण सुटत नाही, आणि अ‍ॅप कुठल्याही तोतया सर्व्हरवर विश्वास ठेवायला लागतं.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना सर्व्हरची बाजू तपासता येते. `example.com` च्या जागी सेवेचा पत्ता टाका:

```
openssl s_client -connect example.com:443 -tls1 -cipher 'DEFAULT@SECLEVEL=0'
openssl s_client -connect example.com:443 -tls1_2
```

पहिली ओळ `alert protocol version` म्हणत अडली आणि दुसरीने सर्टिफिकेट दाखवलं, तर कारण आवृत्तीचंच. पहिल्या ओळीतला शेवटचा भाग विसरू नका. नवी ओपनएसएसएल स्वतःच टीएलएस १.० वापरायला नकार देते, आणि तिचा नकार आपण सर्व्हरचा समजून बसतो.

नाकारलेले लोक मोजले जातात का?

सर्व्हर चालवणाऱ्याला हवं तर कोण कुठल्या आवृत्तीवर येतं हे दिसू शकतं. एनजिनएक्स या लोकप्रिय सर्व्हरच्या नोंदींत `$ssl_protocol` हा एक शब्द जोडला की पुरे. पण हे दार बंद करण्याआधी करायला हवं. एकदा बंद केलं की नाकारलेला फोन नेहमीच्या नोंदीपर्यंत पोहोचतच नाही, कारण तिथे फक्त हँडशेक पार करून आलेल्या विनंत्या लिहिल्या जातात. चुकांच्या वहीत या नकाराची नोंद होते ती `info` पातळीवर, आणि ती पातळी मुळात बंद असते. म्हणजे फोनवाल्याला वाटतं नेट गेलं, आणि कंपनीच्या आकडेवारीत तो माणूस नुसता दिसेनासा होतो. तक्रार करायला कस्टमर केअरला फोन लावला, तर पहिला प्रश्न पुन्हा तोच: नेट चालू आहे का?

दुरुस्तीची किल्ली मुख्यतः अ‍ॅप बनवणाऱ्याकडे आहे. गूगल प्ले सर्व्हिसेसमधली नवी लायब्ररी अ‍ॅपने वापरावी यासाठी एक ओळ पुरते:

```java
ProviderInstaller.installIfNeeded(context);
```

याने आवृत्ती आणि सायफर ही दोन्ही कुलुपं एकदम सुटतात. मर्यादा अशी की ही ओळ असलेला अपडेट त्या फोनपर्यंत पोहोचायला हवा, आणि किटकॅटसाठी प्ले सर्व्हिसेसचे अपडेट ऑगस्ट २०२३ पासून थांबले आहेत. आधी आलेली लायब्ररी फोनमध्ये राहते, पण ती पुढे ताजी होणार नाही. अपडेट आलाच नाही तर त्या फोनवर सध्या उरतो तो ब्राउझर. सेवेची वेबसाइट उघडून तिचा शॉर्टकट होम स्क्रीनवर ठेवता येतो. फक्त तो ब्राउझरही आता अपडेट होत नसेल, तर बँकेचे व्यवहार त्यावरून करू नका.